पाटी मराठीत, नोंद इंग्रजीत: कंपनी शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उधारीवर माल द्यायचा असतो, करार करायचा असतो किंवा थकलेल्या बिलाची नोटीस काढायची असते. हातात असतो दुकानाच्या पाटीचा फोटो, आणि शोधायचं असतं इंग्रजी नोंदींच्या ढिगात. हिशेबाच्या कामात हा प्रसंग माझ्यावर दर आठवड्याला येतो. लोक जे प्रश्न मला परत परत विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पाटीवरचं नाव सरकारी संकेतस्थळावर टाकलं, काहीच आलं नाही. असं का होतं?

कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे, म्हणजे एमसीएकडे, रोमन लिपीत होते. अर्ज भरताना नाव इंग्रजी अक्षरांत लिहिलं जातं, तेच प्रमाणपत्रावर छापलं जातं आणि कायद्याच्या दृष्टीने तेच कंपनीचं नाव. पाटीवरचं मराठी नाव पाटी रंगवणाऱ्याने किंवा मालकाने त्यावरून केलेलं असतं. बऱ्याचदा क्रम उलटाही असतो. मालकाच्या मनात नाव मराठीत होतं, अर्ज भरणाऱ्याने त्याला सुचलं तसं स्पेलिंग घातलं, आणि पाटीवर पुन्हा मूळ मराठी आलं.

पाट्या मराठीत असण्याची कारणंही कायद्यातच आहेत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 प्रमाणे कंपनीने आपलं नाव प्रत्येक कार्यालयाबाहेर लावायचं असतं, आणि ते स्थानिक वापरातल्या भाषेच्या लिपीत नसेल तर त्या लिपीतही लावायचं असतं. त्याशिवाय महाराष्ट्राने 2022 मध्ये दुकानं आणि आस्थापनांचा कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी पाटी सक्तीची केली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या काळात पुष्कळ पाट्या घाईत बदलल्या गेल्या. पाटी ही कंपनीच्या नोंदीची नक्कल आहे असं धरून चालू नका. तिच्यावरून उच्चार कळतो, स्पेलिंग कळत नाही.

एका नावाची अशी किती स्पेलिंगं असणार? दोन-तीन?

एक नाव घेऊ. उदाहरणापुरतं मीच जुळवलंय: ‘श्री ज्ञानवृक्ष कृषी उद्योग प्रा. लि.’ यातला फक्त ‘ज्ञानवृक्ष’ हा शब्द बघा.

ज्ञ हे मराठी माणूस Dny लिहितो, हिंदी वळणाचा माणूस Gy लिहितो, संस्कृत पुस्तकं वाचलेला Jn लिहितो आणि गुजराती किंवा तेलुगू वळणाचा Gn लिहितो. झाले चार प्रकार. ‘ज्ञान’च्या शेवटच्या न नंतर a लावायचा की नाही, हे दोन. दोन शब्द जोडून की सुटे, हे दोन. व साठी V की W, हे दोन. ऋ चा उच्चार मराठीत ‘रु’, हिंदीत ‘रि’, म्हणून ru की ri, हे दोन. क्ष साठी ksh की x, हे दोन. आणि अगदी शेवटी पुन्हा a आहे की नाही, हे दोन. चाराला सहा वेळा दुप्पट करा: 256. एका शब्दाची दोनशे छप्पन्न स्पेलिंगं! Dnyanvruksha, Gyan Vriksh, Jnanavriksha, Gnanvruksh ही त्यातलीच भावंडं. अजून ‘श्री’ आणि ‘कृषी’ला हात लावलेला नाही. श्री हे Shree, Shri, Sri, Sree यांपैकी काहीही असतं, आणि कृषी Krushi असतं किंवा Krishi.

सगळी अक्षरं सारखी फसवत नाहीत. म, न, प, ब, र, ल, स यांच्यात सहसा गोंधळ होत नाही. घात करतात ती ज्ञ, क्ष, ऋ, व, फ आणि झ ही अक्षरं, दीर्घ ई-ऊ, आणि शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा अ. ‘लक्ष्मी’चं Laxmi आणि Lakshmi सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘पूर्णिमा’ Purnima असते तशी Poornima असते, ‘दीप’ Dip असतो तसा Deep, ‘झुंजार’ Zunjar असतो तसा Jhunjar, आणि ‘सिंहगड’ Sinhagad, Sinhgad, Singhgad असा कुठलाही. स्पेलिंगवरून अर्ज भरणारा माणूस कुठल्या वळणाचा होता ते कळतं. मालक सातारचा असला तरी अर्ज भरणारा सल्लागार दुसऱ्या भाषेतला असू शकतो, आणि नोंदीत त्याचं वळण उतरतं.

मग 256 वेळा शोधायचं का?

नाही. पूर्ण नाव कधीच टाकू नका. जितकी अक्षरं जास्त, तितक्या चुकायच्या जागा जास्त. नावातला असा तुकडा शोधा ज्यात फसवी अक्षरं कमीत कमी आहेत.

त्याआधी एक छोटी परीक्षा करा. प्रत्येक संकेतस्थळाची शोधखिडकी वेगळी वागते. काहींना नावाची सुरुवात जुळावी लागते, काहींना मधला तुकडाही चालतो. तुम्हाला नक्की माहीत असलेल्या एखाद्या कंपनीच्या नावातली मधली चार-पाच अक्षरं टाकून बघा. ती कंपनी आली तर मधला तुकडा चालतो. नाही आली तर सुरुवातच लागते. ही परीक्षा न करता ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढणारे लोक मी फार पाहिलेत.

मधला तुकडा चालत असेल तर आपल्या उदाहरणात RUKSH आणि RIKSH हे दोन शोध पुरतात. ज्ञ कसाही लिहिलेला असो, शब्द सुटे असोत की जोडलेले, आधी V असो की W, सगळं यात सापडतं. फक्त X वाले निसटतात, त्यांच्यासाठी RUX आणि RIX. चार शोधांत 256 स्पेलिंगं संपली. RIKSH टाकल्यावर रिक्षावाल्या नोंदीही येतील, त्या नजरेने वगळा.

सुरुवातच जुळावी लागत असेल तर DNYAN, GYAN, JNAN आणि GNAN असे चार शोध, आणि आलेली यादी डोळ्यांनी वाचायची. पण इथे ‘श्री’ आड येते. नोंदीत नावाआधी श्री असेल तर हे चारही शोध रिकामे जातात, मग चार प्रकारच्या श्रीला चार प्रकारचं ज्ञान जोडून सोळा शोध करावे लागतात. दमायला होतं, पण होतं. उलट बाजूही लक्षात ठेवा: पाटीवर श्री आहे म्हणून नोंदीत ती असेलच असं नाही. पाटीवर श्रद्धेने घातलेली श्री मी अनेकदा नोंदीत पाहिलेली नाही.

‘कृषी उद्योग’ हा भाग शोधात घ्यायचा की नाही?

घेऊ नका. पाटीवर जे शब्द साधे, अर्थ सांगणारे आहेत, त्यांचं भाषांतर झालेलं असू शकतं. नोंदीत Agro Industries असेल आणि पाटी मराठी करताना मालकाने ‘कृषी उद्योग’ लिहून घेतलं असेल. ‘बांधकाम व्यावसायिक’च्या मागे Developers असतं, ‘वस्त्र भांडार’च्या मागे Textiles किंवा Cloth Stores. विशेषनामाचं भाषांतर सहसा होत नाही, म्हणून शोध त्याच्यावरच करायचा. बाकीचे शब्द नंतर, सापडलेल्या नोंदीतून योग्य ती निवडायला उपयोगी पडतात.

हातात बिल आहे, पण नाव मराठीत छापलंय. त्याचा उपयोग?

बिल असेल तर नाव शोधायचीच गरज नाही, आकडा शोधा. नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या कर बिलावर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. जीएसटीच्या gst.gov.in या संकेतस्थळावर Search Taxpayer मध्ये तो टाकला की Legal Name of Business आणि Trade Name अशी दोन नावं दिसतात. पहिलं पॅनवरचं नाव, दुसरं धंद्याचं नाव. पाटीशी जुळतं ते बहुतेक दुसरं. तुम्हाला कंपनी शोधायची आहे ती पहिल्या नावाने. कधी कधी ही दोन नावं पूर्णपणे वेगळी असतात आणि मग उलगडा होतो की पाटीवरच्या नावाची कंपनी कधी अस्तित्वातच नव्हती. ते नाव दुसऱ्याच एका कंपनीच्या दुकानाचं होतं.

या संकेतस्थळावर नुसत्या नावाने शोधता येत नाही, क्रमांक किंवा पॅन लागतो. म्हणून क्रमांक अर्धवट असेल तेव्हा पंचाईत होते. कागदी पावतीची शाई उडालेली असते किंवा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो कडेला कापलेला असतो. अशा वेळी पहिली सात अक्षरं जरी वाचता आली तरी मोठं काम होतं. क्रमांकाची रचना अशी असते:

```
27xxxCGxxxxx1Zx
```

पहिले दोन अंक राज्याचे, 27 म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या क्रमांकातलं सहावं, मालकाचा प्रकार सांगतं: C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी किंवा मर्यादित जबाबदारीची भागीदारी म्हणजे एलएलपी, P असेल तर एकटा माणूस, H असेल तर हिंदू एकत्र कुटुंब, T असेल तर न्यास. आणि त्याच्या पुढचं, म्हणजे सातवं अक्षर, हे नावाचं इंग्रजीतलं पहिलं अक्षर असतं. एकट्या माणसाच्या पॅनमध्ये ते आडनावाचं पहिलं अक्षर असतं, संस्थेच्या पॅनमध्ये संस्थेच्या नावाचं.

हे एक अक्षर किती बोलतं बघा. आपल्या ‘श्री ज्ञानवृक्ष’च्या पावतीवर सहावं अक्षर C आणि सातवं G आहे असं धरा. C वरून कळलं की ही खरोखर कंपनी आहे, म्हणून एमसीएवर शोधण्यात अर्थ आहे. G वरून दोन गोष्टी कळल्या. नोंदीत सुरुवातीला श्री नाही, नाहीतर S असता. आणि ज्ञ हे Gy किंवा Gn असं लिहिलंय, Dny किंवा Jn नाही. मराठी माणूस म्हणून आपण सगळ्यात आधी DNYAN टाकलं असतं आणि रिकाम्या हाताने परतलो असतो. आता सोळा शोधांच्या जागी दोनच उरले: GYAN आणि GNAN. त्यांच्या यादीत पाटीच्या पिनकोडजवळची एखादी GYANVRIKSHA AGRO INDUSTRIES PRIVATE LIMITED दिसली, की ऋ चं ri आणि कृषीचं Agro कसं झालं हे दोन्ही एका नजरेत लक्षात येतं.

एक काळजी घ्या. पॅन मिळालं तेव्हाचं नाव त्या अक्षरात बसलेलं असतं. नंतर नाव बदललं असेल तर अक्षर जुनंच दाखवू शकतं. सहाव्या जागी P असेल तर सातवं अक्षर मालकाच्या आडनावाचं, त्याचा पाटीशी संबंध लावू नका.

बिलही नाही, फक्त पाटी आणि लेटरहेड आहे.

लेटरहेड असेल तर तळाशी बारीक अक्षरांत बघा. कलम 12 प्रमाणे कंपनीने आपल्या पत्रांवर, बिलांवर आणि सूचनांवर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, छापायचा असतो. सीआयएन 21 अक्षरांचा असतो:

```
UxxxxxMHxxxxPTCxxxxxx
```

U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली, L म्हणजे असलेली. मग धंद्याच्या प्रकाराचे पाच अंक, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. PTC म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, PLC म्हणजे पब्लिक लिमिटेड, OPC म्हणजे एकाच माणसाची कंपनी. एमसीएवर Master Data मध्ये हा क्रमांक टाकला की स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही.

खाण्याच्या वस्तू विकणाऱ्यांना शोधणं आणखी सोपं आहे. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक असतो, तो दुकानात लावणंही सक्तीचं आहे. पाकिटावरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत छापावी लागते, आणि बहुतेक जण इंग्रजीच निवडतात. त्यामुळे उत्पादकाचं इंग्रजी स्पेलिंग बऱ्याचदा पाकिटाच्या मागच्या बाजूलाच मिळतं. शोधायला बसण्याआधी पाकीट उलटून बघा, एवढंच.

एमसीएच्या खिडकीत एकेक शोध करायचा कंटाळा येतो. सगळी यादीच उतरवून शोधता येते का?

येते. सरकारच्या data.gov.in या संकेतस्थळावर कंपन्यांची मूळ माहिती राज्यवार, फाइलच्या रूपात ठेवलेली आहे. महिन्याला पाच-सहापेक्षा जास्त नावं शोधावी लागत असतील तर महाराष्ट्राची फाइल mh.csv या नावाने उतरवून घ्या आणि टर्मिनलमध्ये grep या आज्ञेने सगळी स्पेलिंगं एका ओळीत शोधा:

```
grep -iE "(dny|gy|jn|gn)ana? ?[vw]r[iu](ksh|x)" mh.csv
```

कंसातल्या उभ्या रेघा म्हणजे ‘किंवा’. प्रश्नचिन्ह म्हणजे त्याच्या आधीचं अक्षर असेल किंवा नसेल, म्हणून `a?` मधल्या अ ची शंका मिटवतं, आणि त्यानंतरची मोकळी जागा व तिच्यापुढचं प्रश्नचिन्ह शब्द सुटे की जोडलेले ही शंका मिटवतात. चौकोनी कंसातलं कुठलंही एक अक्षर चालतं. ओळ क्ष वर संपवली आहे, त्यामुळे शेवटी a असो वा नसो, फरक पडत नाही. वरची 256 ची 256 स्पेलिंगं या एका ओळीत येतात. एक्सेलमध्येच काम करायचं असेल तर नावाच्या रकान्यावर फिल्टर लावून `*ruksh*` आणि `*riksh*` एवढंही पुष्कळ आहे.

या फाइलची मर्यादा तिच्या तारखेत आहे. ती कधी अद्ययावत झाली ते बघा. त्यानंतर नोंदलेली कंपनी तिच्यात नसेल, आणि तिच्यात ‘चालू’ दिसणारी कंपनी आज बंद झालेली असू शकते. फाइलवरून स्पेलिंग मिळवा, आणि आजची स्थिती एमसीएवर तपासा.

शोधात दोन कंपन्या आल्या, स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. एकच कंपनी दोनदा नोंदली गेलीय का?

नाही, त्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. सगळ्यात महाग चूक इथेच होते. एका थकबाकीची नोटीस मी स्वतः चुकीच्या कंपनीला पाठवली होती. नाव उच्चारात तेच, शहर तेच, फक्त एकीत i होता आणि एकीत ee. उत्तर त्यांच्या वकिलाकडून आलं, आणि खऱ्या देणेकऱ्याला नोटीस जाईपर्यंत महिना गेला. पत्ता जुळवायला मला दहा मिनिटं लागली असती. त्या दिवसापासून नाव जुळलं तरी आणखी दोन गोष्टी जुळल्याशिवाय मी पुढे जात नाही.

‘सरकार सारख्या उच्चाराचं दुसरं नाव देतच नाही ना?’ असं लोक विचारतात. नियम तसा आहे. कंपनी नोंदणीच्या 2014 च्या नियमांतल्या नियम 8 प्रमाणे स्पेलिंगचा किरकोळ फरक, उच्चारानुसार केलेलं वेगळं स्पेलिंग, एकवचन-अनेकवचन, विरामचिन्हं हे फरक धरले जात नाहीत. आधीच्या नावाचं पूर्ण भाषांतर केलेलं नावही तेच नाव मानलं जातं. पण तुलना पूर्ण नावाची होते. ज्ञानवृक्षाच्या पुढे एकाने Agro लावलं आणि दुसऱ्याने Education, तर ती दोन वेगळी नावं झाली. पाटीवर मात्र दोघांचंही मोठ्या अक्षरात ‘ज्ञानवृक्ष’च दिसतं. शिवाय हा नियम येण्याआधीच्या जुन्या कंपन्या आहेत, आणि भागीदारी संस्थांना तो लागूच नाही.

मग ओळखायचं कसं? नोंदणीकृत पत्त्याचा पिनकोड बघा. तो पाटीच्या पत्त्याशी जुळला नाही तरी घाबरू नका, नोंदणीकृत कार्यालय सनदी लेखापालाच्या किंवा मालकाच्या घरच्या पत्त्यावर असतं असं पुष्कळदा होतं. पण जीएसटीच्या नोंदीतली मुख्य धंद्याची जागा किंवा तिथे नोंदलेली दुसरी एखादी जागा पाटीशी जुळायला हवी. स्थापनेची तारीख जीएसटी नोंदणीच्या तारखेनंतरची असेल तर कंपनी चुकीची आहे, कारण स्थापनेआधी तिला क्रमांक मिळणार कुठून? संचालकांची नावंही बघा, पण त्यांच्या स्पेलिंगवर विसंबू नका, तिथेही हाच गोंधळ आहे. संचालकाचा आठ अंकी ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, बघा. एका माणसाला एकच डीआयएन असतो, स्पेलिंग काहीही असो.

काहीच सापडलं नाही. कंपनी बनावट आहे असं समजायचं का?

लगेच नाही. पाटीवर ‘आणि कंपनी’ किंवा ‘ॲण्ड कं.’ लिहिलं म्हणून ती कायद्याच्या अर्थाने कंपनी होत नाही. जुन्या पेठांमधल्या ‘अमुक आणि कंपनी’ बहुतेक भागीदारी संस्था असतात किंवा एकाच मालकाची दुकानं. भागीदारीची नोंद भागीदारी संस्था निबंधकाकडे असते, सहकारी संस्थेची सहकार खात्याकडे, आणि एकट्या मालकाच्या दुकानाची एमसीएवर नोंद नसतेच. एलएलपी मात्र एमसीएवरच असते, पण तिचा क्रमांक सीआयएनसारखा 21 अक्षरांचा नसतो, सात अक्षरांचा लहानसा असतो. त्यामुळे ती कंपन्यांच्या यादीत शोधून सापडत नाही.

पाटीवर ‘प्रा. लि.’ स्पष्ट लिहिलंय, तुम्ही तुकड्यांनी शोधलंय, श्री काढून आणि घालून बघितलंय, आणि तरीही काही नाही, तर मात्र सावध व्हा. सरळ सीआयएन मागा. खऱ्या कंपनीला तो द्यायला एक मिनिट लागतं.

कंपनीने नाव बदललं असेल तर?

नाव बदलल्यापासून दोन वर्षं कंपनीने नव्या नावासोबत जुनं नावही पाटीवर लावायचं असतं, म्हणून पाटीचा खालचा कोपरा वाचा. नुसतं नाव बदललं तर सीआयएन बदलत नाही. राज्य बदललं, प्रायव्हेटची पब्लिक झाली किंवा शेअर बाजारात नोंद झाली तर त्यातली ती ती अक्षरं बदलतात.

आता उलटं. इंग्रजी नाव माहीत आहे, पण कागद मराठीत आहेत. तिथे कसं शोधायचं?

दस्त नोंदणीची सूची, सातबारा, नगरपालिकेच्या याद्या इथे नाव देवनागरीत असतं आणि तिथली शोधखिडकी इंग्रजीइतकीच काटेकोर असते. ‘प्रा. लि.’, ‘प्रा.लि.’, ‘प्रायव्हेट लिमिटेड’, ‘प्रायव्हेट लि’ हे चारही प्रकार एकाच कार्यालयाच्या नोंदींत मी पाहिलेत. शेवटचा भाग सोडूनच द्या. मुख्य शब्दात ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून बघा, कारण टाइप करणाऱ्याने ‘कृषि’ही लिहिलेलं असतं आणि ‘कृषी’ही. इंग्रजी शब्द देवनागरीत आले की आणखी फाटे फुटतात: एंटरप्रायझेस, एन्टरप्रायजेस, इंटरप्राईजेस.

एक अडचण डोळ्यांना दिसत नाही. ॲ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं, एकसंध किंवा अ वर चंद्र ठेवून. ऱ्या मधल्या अर्ध्या र चंही तसंच आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधखिडकीला ती वेगळी अक्षरं वाटतात. ‘ॲग्रो’ सापडत नसेल तर नुसतं ‘ग्रो’ शोधा. जुन्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, त्यातला शब्द नक्कल करून दुसरीकडे चिकटवला तर अगम्य चिन्हं उमटतात. असं दिसलं की ती फाइल शोधून नाही, पानं उलटून वाचावी लागणार.

सापडल्यावर आपल्या वहीत नाव कसं लिहून ठेवायचं?

करार, धनादेश आणि नोटीस यांवर एमसीएच्या पानावरून नक्कल करून घेतलेलं नाव, हाताने टाइप केलेलं नाही. ‘इथे i चुकीचा वाटतो’ म्हणून स्पेलिंग सुधारू नका, ती चूक आता त्या कंपनीचं नाव आहे. ग्राहकांच्या यादीत मी चार रकाने ठेवते: नोंदीतलं इंग्रजी नाव, पाटीवरचं मराठी नाव, सीआयएन आणि जीएसटी क्रमांक. सहकाऱ्याने पाटीवरचं नाव टाकलं तरी ओळ सापडते, आणि कागदावर जातं ते पहिल्या रकान्यातलं.